विधवेचे सोवळे आणि सवाष्णीचा विटाळ

प्रश्न: मॅडम, मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सांगली जिल्ह्यातल्या माझ्याच गावावर धर्माच्या मानवशास्त्राचा पेपर लिहिते आहे. पाळीत देवाला न शिवणे, विधवांना हळदी-कुंकवाला न बोलावणे आणि ग्रामदैवताच्या गाभाऱ्यात बायकांना न सोडणे, या तिन्हींना मी मेरी डग्लसचा शुद्धाशुद्धतेचा सिद्धांत लावला. सरांनी 'वर्णन आहे, विश्लेषण नाही' असा शेरा मारला. नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर: तुमच्या तीन नियमांपैकी फक्त पहिलाच शुद्धाशुद्धतेच्या चौकटीत सरळ बसतो. दुसरा नियम शुभाशुभाचा आहे आणि तिसरा बहुतेक वेळा अधिकाराचा असून त्याला विटाळाचे कारण नंतर जोडलेले असते. तिन्ही एकाच सूत्रात ओवले की सूत्र इतके सैल होते की त्यातून काहीच कळत नाही, आणि मग पेपरात 'स्त्रियांना अशुद्ध मानले जाते' या विधानापलीकडे काही उरत नाही. तुमच्या सरांचा शेरा बहुधा यावरच असावा.

प्रथम डग्लस यांच्याविषयी, कारण विद्यार्थी त्यांचे अर्धेच पुस्तक वापरतात. 'प्युरिटी अँड डेंजर' या १९६६ च्या ग्रंथातले 'जागा चुकलेली वस्तू म्हणजे घाण' हे वाक्य सगळे उद्धृत करतात. वास्तविक डग्लस स्वतःच ही जुनी व्याख्या असल्याचे सांगतात. त्यांचा मुद्दा त्यापुढचा आहे. घाण ही एकटी नसते. जिथे घाण आहे तिथे वर्गीकरणाची एक व्यवस्था असते, आणि त्या व्यवस्थेत न बसणारे, सीमेवर रेंगाळणारे ते धोकादायक ठरते. शरीरातून बाहेर पडणारे रक्त, लाळ, केस, नखे हे शरीराच्या सीमेवरचे पदार्थ असल्याने समाज आपल्या सीमांची काळजी त्यांच्यावर व्यक्त करतो. हा झाला पहिला अर्धा भाग. दुसऱ्या भागात त्या विचारतात की सगळ्याच समाजांत स्त्री-पुरुष संबंधांभोवती विटाळाच्या कल्पना सारख्या तीव्र का नसतात. त्यांचे उत्तर असे आहे की जिथे पुरुषांची सत्ता निर्विवाद असते आणि ती थेट बळाने राबवली जाते (ऑस्ट्रेलियातील वालबिरी लोकांचे उदाहरण त्या देतात), तिथे अशा कल्पनांची गरज पडत नाही. जिथे समाजाचे नियमच एकमेकांच्या विरोधात जातात, तिथे त्या फोफावतात. तुमच्या पेपराला खरे बळ या दुसऱ्या भागातून मिळेल, पण त्याआधी नियमांची वर्गवारी नीट व्हायला हवी.

ती वर्गवारी कशी करावी हे एका घरावरून दाखवते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वेगवेगळ्या घरांत घेतलेल्या नोंदी मी येथे मुद्दाम एका घरात एकत्र केल्या आहेत, म्हणजे कोणाची ओळख पटणार नाही. प्रसंग गौरींचा आहे. घरात चार बायका आहेत: विधवा सासू, थोरली सून, धाकटी सून आणि सोळा-सतरा वर्षांची नात. धाकटीची पाळी आदल्या दिवशी आली आहे. गौरी आणायच्या आहेत, कुंकवाची पावले काढायची आहेत, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य आहे आणि संध्याकाळी सवाष्णींच्या ओट्या भरायच्या आहेत.

कोण काय करते ते पाहा. सासू पहाटे डोक्यावरून पाणी घेते, दांडीवर वेगळे वाळवलेले लुगडे नेसते आणि पुरण शिजवते, कारण तिच्या हातच्या सोवळ्याविषयी घरात कोणालाच शंका नाही. पण गौर उंबऱ्यातून आत आणताना ती माजघराच्या दाराशी मागे उभी राहते. गौर आणते ती थोरली, आणि मागून थाळी वाजवत येते ती नात. ओटी भरायच्या वेळी सासू स्वतःच उठून परसात जाते, तिला कोणी जा म्हणत नाही. धाकटी चूल, देव, गौर आणि पाण्याचा माठ यांपासून लांब, ओसरीवर घोंगडीवर बसलेली आहे. तिच्या कपाळावर कुंकू आहे, हातात हिरवा चुडा आहे, आणि आलेल्या बायका तिला लांबूनच 'अगं, तुझी ओटी उद्या-परवा भरू, नाहीतर नवरात्रात ये' असे सांगतात.

आता या दोघींची तुलना करा. सासू शुद्ध आहे, पण शुभ नाही. तिचे अन्न देवीला चालते, तिची ओटी मात्र देवीसमोर भरली जात नाही. धाकटी शुभ आहे, पण चार दिवस शुद्ध नाही. तिचे अन्न चालत नाही, पण तिच्या सौभाग्याला धक्का लागलेला नाही आणि तिची ओटी फक्त पुढे ढकलली जाते. एकीचे वगळणे स्नानाने संपते, दुसरीचे कोणत्याही स्नानाने संपत नाही. एकाच अक्षावर या दोघी बसवायला गेलात तर दोघी 'अशुद्ध' या एका खणात पडतात आणि सासूच्या हातचे पुरण देवीला कसे चालते याचे उत्तर तुमच्याकडे राहत नाही. चांगल्या परीक्षकाचा पहिला प्रश्न हाच असेल.

ही गोष्ट अभ्यासकांनाही सरळ सापडली नव्हती. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये कूर्गांवर लिहिताना शुद्धाशुद्धतेच्या कल्पना विस्ताराने मांडल्या, आणि पुढे लुई ड्युमाँ यांनी जातिव्यवस्थेची सगळी उतरंडच शुद्ध-अशुद्ध या विरोधावर उभी केली. ड्युमाँ यांची एक मांडणी तुम्हाला उपयोगी आहे: जन्म, मृत्यू, पाळी यांमुळे येणारी अशुद्धता तात्पुरती असते, आणि ती अशुद्धता धुऊन काढणाऱ्या परीट, न्हावी, सुईण अशा लोकांच्या माथी ती कायमची मारली जाते. पण त्यांच्या चौकटीत शुभाशुभाला स्वतंत्र जागा नव्हती. ती जागा नंतरच्या अभ्यासकांनी करून दिली. फ्रेडरिक मार्गलिन यांनी पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील देवदासींवर १९८५ मध्ये जे लिहिले ते या दृष्टीने अवश्य वाचा: देवदासी कधीच विधवा होत नाही म्हणून ती परमशुभ, लग्नकार्यात तिची उपस्थिती हवीहवीशी, आणि तरीही तिला गर्भगृहात प्रवेश नाही, कारण ती शुद्ध नाही. आपल्या धाकट्या सुनेचे वगळणे चार दिवसांचे आहे आणि देवदासीचे कायमचे, हा फरक सोडला तर रचना तीच आहे. तुम्ही सांगलीच्या आहात, म्हणून सांगते की जत भागातील यल्लम्माच्या परंपरेत हीच गुंतागुंत आणखी एका पायरीने पुढे जाते. तिथे देवी स्वतः वर्षातून काही काळ विधवा होते, भक्त बायका बांगड्या फोडतात, आणि तिची पूजा मात्र बंद पडत नाही.

शुद्ध आणि शुभ वेगळे आहेत याचा याहून ठळक पुरावा हवा असेल तर बाळंतिणीच्या खोलीत पाहा. मूल जन्मले की भावकीला सोयर लागते, दहा दिवस देवपूजा बंद, बाळंतीण तर सव्वा महिना देवाला शिवत नाही. अशुद्धता इतकी, आणि तरी पेढे वाटले जातात, कारण घटना शुभ आहे. त्यातच पाचव्या दिवशी पाचवी पुजतात: पाटा-वरवंटा धुऊन मांडायचा, त्याला हळद-कुंकू लावायचे, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, म्हणजे रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहील. हा विधी ऐन सोयरात होतो, बायकाच करतात, आणि त्यासाठी कोणी शुद्ध असावे लागत नाही. 'विटाळात देवकार्य होत नाही' हे वाक्य तुमच्या पेपरात असेल तर ते खोडा. देवघरातल्या देवांना ते लागू आहे, सटवाईला नाही. आणि कोणत्या देवतेला सोवळे लागते व कोणतीला लागत नाही हा प्रश्न स्वतःच एका प्रकरणाचा ऐवज आहे.

आता गाभाऱ्याकडे येऊ. येथे एक साधी कसोटी वापरा: नियम अवस्थेला लागतो की व्यक्तीच्या वर्गाला? पाळीचा नियम अवस्थेला लागतो. चौथ्या दिवशी स्नान केलेली बाई पाचव्या दिवशी देवाला हात लावू शकते. सुतकाचा नियमही अवस्थेचाच आहे आणि तो पुरुषांनाही तितकाच लागतो, हे विसरू नका. सुतकातला पुजारी स्वतः गाभाऱ्यात जात नाही. पण तुमच्या ग्रामदैवताच्या गाभाऱ्यात सहा वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या म्हातारीलाही मज्जाव असेल, तर तो नियम पाळीचा असू शकत नाही, गावाने कितीही तसे सांगितले तरी. तो सगळ्या स्त्रियांच्या वर्गाला लागलेला आहे, आणि विटाळ हे त्याचे समर्थन आहे, कारण नव्हे. शबरीमलाचा नियम वेगळा होता. तिथे १० ते ५० वर्षे वयाच्या स्त्रियांना बंदी असल्याने तो निदान आपल्या समर्थनाशी सुसंगत होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो रद्द केला तेव्हा न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी या बंदीला अस्पृश्यताबंदीच्या सतराव्या कलमाशी जोडले, आणि ही जोडणी ड्युमाँ वाचलेल्याला अनोळखी वाटणार नाही. उलट शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर सर्वच वयांच्या बायकांना बंदी होती. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याच्या आधारे राज्य सरकारला जबाबदारीची जाणीव करून दिली आणि त्यानंतर काही दिवसांतच देवस्थानाने चौथरा खुला केला. दोन्ही प्रकरणे वृत्तपत्रांत एकाच मथळ्याखाली आली, पण विश्लेषणात ती एका खणात ठेवू नका. शिवाय आणखी एक तपासा: तुमच्या गाभाऱ्यात गावातले सगळे पुरुष जातात की फक्त गुरव? फक्त गुरव जात असेल तर नियम मुळात लिंगाचा नसून पूजेच्या हक्काचा आहे, आणि बायका त्यातून दुहेरी वगळल्या जातात.

मुलाखतींत तुम्हाला हमखास एक उत्तर मिळाले असेल: 'पूर्वीच्या लोकांनी बायकांना विश्रांती मिळावी म्हणून हे केले, त्यामागे विज्ञान आहे.' या प्रकारच्या स्पष्टीकरणाला डग्लस 'वैद्यकीय भौतिकवाद' म्हणतात, आणि विल्यम जेम्स यांचा हा शब्द त्या धर्मविधींच्या आरोग्यशास्त्रीय व्याख्यांवर रोखतात. उत्तर देणाऱ्याची थट्टा करू नका, पण ते तपासल्याशिवाय स्वीकारूही नका. तपासायला तुमच्याच नोंदी पुरतात. चौथ्या दिवशीचे स्नान रक्तस्राव थांबला की नाही हे न बघता होते. स्राव सुरू असला तरी अटकाव संपतो आणि आधीच थांबला असला तरी संपत नाही. विळ्याने बोट कापले तर रक्त तेच, पण विटाळ नाही. धाकटीला घोंगडी दिली जाते, कारण लोकरीला विटाळ लागत नाही आणि सुती अंथरुणाला लागतो, हे कोणत्याही जंतुशास्त्रात बसत नाही. आणि विश्रांतीचे म्हणाल, तर त्याच चार दिवसांत माणदेशातली बाई ज्वारीच्या काढणीला जाते, शेण काढते, सरपण आणते. तिला बंद असते ते फक्त देवघर, चूल आणि लोणच्याची बरणी. जे नियम काबाडकष्टांना हात लावत नाहीत आणि देव्हाऱ्यापुरते काटेकोर असतात, ते विश्रांतीचे नियम नाहीत.

अलीकडची एक गोष्ट मला या सगळ्यात फार बोलकी वाटते, ती म्हणजे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. गौरी-गणपती, नवरात्र आणि घरचे लग्न यांच्या आधी औषधाच्या दुकानात नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या मागायला बायका येतात, आणि पुष्कळदा त्या सासूच्या सांगण्यावरून येतात. यावर पेपरात 'अंधश्रद्धा आणि आधुनिकतेचा संगम' असे काही लिहिण्याचा मोह होतो; तो टाळा. गोळी घेणारी बाई नियम मोडत नाही आणि पाळतही नाही. ती नियमाच्या कक्षेतून शरीरच बाहेर काढते. यातून दिसते ते असे की नियम टिकवण्याचे काम पूर्वी घराच्या रचनेने केले, ओसरी, परसदार, वेगळे ताट यांनी, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते बाईच्या शरीरावर येऊन पडले. डग्लस यांच्या भाषेत सांगायचे तर सीमा घरातून शरीरात सरकली. गोळीच्या दुष्परिणामांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो वेगळ्या पेपराचा विषय आहे.

आता डग्लस यांच्या दुसऱ्या भागाचा उपयोग. त्यांनी वापरलेल्या उदाहरणांत न्यू गिनीतील माए एंगा लोक आहेत. तिथे कुळे ज्या कुळांशी लढतात त्यांच्याच मुली करतात, म्हणजे बायको शत्रूच्या घरची असते, आणि पाळीच्या रक्ताची भीती अत्यंत तीव्र आहे. हे वाचून विद्यार्थी लगेच लिहितात की आपल्याकडेही सून परघरची, म्हणून विटाळ. येथे थांबा, कारण दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत चांगली रुळलेली आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण भारताच्या नातेव्यवस्थांमधला दुवा असल्याचे दाखवले ते यामुळेच. म्हणजे तुमच्या गावात काही सुना परक्या आहेत आणि काही आत्याच्याच घरी आलेल्या भाच्या आहेत. डग्लस यांचे म्हणणे जसेच्या तसे खरे असेल तर दुसऱ्या प्रकारच्या घरांत नियम सैल दिसायला हवेत. हे तुम्ही गावातल्या गावात तपासू शकता. माझ्या नोंदींत भाची-सून असलेल्या घरांत नियम तितकेच होते, पण ते मोडल्यावरचा बोभाटा कमी होता. आत्या 'जा, हातपाय धू आणि ये' म्हणून विषय संपवत असे. हा अनुभव मोजक्या घरांचा आहे, त्यामुळे तो निष्कर्ष म्हणून नव्हे तर तपासण्याजोगा प्रश्न म्हणून घ्या. नियम आणि नियमभंगाची शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, एवढे मात्र त्यातून नक्की शिकता येते.

म्हणूनच गावात परत जाल तेव्हा 'का पाळता' हा प्रश्न शेवटी विचारा किंवा विचारूच नका. त्याला पाठ केलेले उत्तर येते. 'चुकून शिवलं तर काय करतात' हे विचारा. कोण आंघोळ करते, शिवणारी की जिला शिवले ती; अन्न टाकतात की जनावराला घालतात; मूर्तीवर गोमूत्र शिंपडतात की अभिषेक करतात; आणि त्रास कोणाला होतो, त्या बाईला, तिच्या नवऱ्याला, पिकाला की देवाला. लोक जेव्हा 'आमचा देव कडक आहे' म्हणतात तेव्हा धोका देवाकडून बाईकडे वाहतो आहे. जेव्हा 'देव बाटला' म्हणतात तेव्हा तो बाईकडून देवाकडे वाहतो. पाळीच्या निर्बंधांचा अर्थ समाजागणिक वेगळा असतो आणि सगळे निर्बंध स्त्रीच्या हीनतेतूनच निघतात असे गृहीत धरू नये, हे बकले आणि गॉटलिब यांनी १९८८ च्या संपादित ग्रंथात बजावले आहे. धोक्याची दिशा नोंदवलीत तर त्यांच्याशी तुमचा वाद पुराव्यावर होईल. विधवांशी बोलताना मात्र हा प्रश्न चालत नाही, कारण त्यांच्या बाबतीत 'चुकून' असे काही नसते. त्यांना विचारा की लेकीच्या लग्नात त्यांनी स्वतः कोणते काम केले आणि कोणते दुसरीकडून करून घेतले. मे २०२२ मध्ये शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. तुमच्या गावात तसा ठराव झाला असेल तर त्यानंतरच्या हळदी-कुंकवाला कोण आले, कोणाला कुंकू लावले आणि कोणी ते घरी जाऊन पुसले, हे विचारल्याशिवाय ते प्रकरण पुरे करू नका.

लेखनात बदल फार मोठा करावा लागणार नाही. वर्णनाचे प्रकरण तसेच ठेवा, पण नियमांच्या क्रमाने न मांडता व्यक्तींच्या क्रमाने मांडा: कुमारिका, पाळीतली सवाष्ण, बाळंतीण, विधवा, सुतकातला पुरुष, गुरव. प्रत्येकासमोर देवाला स्पर्श, नैवेद्याचा स्वयंपाक, ओटी आणि गाभारा या चार बाबी 'चालते', 'चालत नाही' किंवा 'पुढे ढकलतात' अशा नोंदवा. तो तक्ता पुरा झाला की कोणते दोन खण एकमेकांशी विसंगत आहेत ते आपोआप वर येईल, आणि तुमचे विश्लेषणाचे प्रकरण त्या विसंगतीपासून सुरू करा. डग्लस यांना पाळीच्या ओळीपुरते वापरा, विधवेच्या ओळीसाठी मार्गलिन घ्या, आणि गाभाऱ्याच्या ओळीसाठी देवस्थानच्या पूजेचे हक्क कोणाकडे आहेत त्याची कागदपत्रे तलाठ्याकडे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मागा. तुमच्या गावाचे नाव पेपरात घालू नका. चार घरांच्या वाडीत 'एक विधवा सासू' एवढे लिहिले तरी ती कोण हे सगळ्यांना कळते.